क्लॉक किती वेगाने चालवता येईल? आठ बिटांच्या ॲक्युम्युलेटरवर टायमिंगचा पूर्ण हिशेब

सर्किटचा कमाल क्लॉक काढायचा म्हटले की बहुतेक जण सर्वांत लांबची वाट शोधतात, तिच्यावरचे डिले मिळवतात आणि १ ला त्या बेरजेने भागतात. येणारा आकडा चुकीचा नसतो, पण त्यातून अर्धाच प्रश्न सुटतो. लांबच्या वाटेवरून कळते की क्लॉक किती वेगवान चालेल. आखूड वाटेवरून कळते की सर्किट मुळात चालेल की नाही. आखूड वाट दुरुस्त करताना हात चुकला तर लांबची वाट आणखी लांबते आणि मिळवलेला वेग परत जातो. हे सगळे खाली एकाच लहान सर्किटवर आकडे घालून पाहू.

सर्किट आणि त्याचे आकडे

आठ बिटांचे एक रजिस्टर B आहे, त्यात बाहेरून संख्या येते. आठ बिटांचे दुसरे रजिस्टर A म्हणजे ॲक्युम्युलेटर. आठ फुल ॲडर एकामागे एक जोडून A आणि B ची बेरीज होते आणि ती पुढच्या क्लॉक एजला परत A मध्ये जाते. कॅरी बिट ० कडून बिट ७ कडे सरकत जातो, म्हणजे हा साधा रिपल कॅरी ॲडर आहे. याशिवाय B ची एक प्रत D नावाच्या तिसऱ्या रजिस्टरमध्ये सरळ जाते, मध्ये एकही गेट नाही. मागच्या सायकलला कोणती संख्या मिळवली हे पुढच्या ब्लॉकला हवे असते, त्यासाठी अशी प्रत नेहमी ठेवली जाते. सगळ्या रजिस्टरांना एकच क्लॉक आहे.

आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत आणि सगळे पिकोसेकंदांत आहेत.

| घटक | किमान | कमाल |
|---|---|---|
| फ्लिप-फ्लॉप, क्लॉक ते Q | ५० | ९० |
| फुल ॲडर, A किंवा B ते कॅरी आउट | – | ११० |
| फुल ॲडर, कॅरी इन ते कॅरी आउट | – | ७० |
| फुल ॲडर, कॅरी इन ते S | ६० | १०० |
| फुल ॲडर, A किंवा B ते S | ६० | १३० |
| बफर | २० | ३५ |

फ्लिप-फ्लॉपचा सेटअप टाइम ६०, होल्ड टाइम ४०. कोणत्याही दोन फ्लिप-फ्लॉपांमधला क्लॉक स्क्यू जास्तीत जास्त ४०. जिथे किमान आकड्याची गरज पडत नाही तिथे रेघ मारली आहे.

किमान आणि कमाल यांचा नेमका अर्थ

गेटच्या इनपुटला बदल झाला की आउटपुट काही काळ जुन्याच किमतीवर टिकून राहते. हा टिकण्याचा हमखास काळ म्हणजे कंटॅमिनेशन डिले. त्यानंतर आउटपुट हलायला लागू शकते. मध्ये एकदोन ग्लिचही येऊ शकतात. ते अंतिम किमतीवर नक्की स्थिरावलेले असेल तो क्षण प्रोपगेशन डिलेने मिळतो. या दोन क्षणांच्या मधल्या काळात आउटपुटवर काय आहे, यावर भरवसा ठेवता येत नाही.

फ्लिप-फ्लॉपलाही हेच लागू होते, फक्त सुरुवात इनपुटच्या बदलाने न होता क्लॉक एजने होते. एजनंतर ५० पिकोसेकंद Q वर जुनी किंमत नक्की असते आणि ९० नंतर नवी किंमत नक्की असते. पहिल्याला क्लॉक-टू-Q चा कंटॅमिनेशन डिले म्हणतात, दुसऱ्याला प्रोपगेशन डिले. सूत्रांत त्यांना `t_ccq` आणि `t_pcq` लिहितात, आणि गेटांच्या आकड्यांना `t_cd` आणि `t_pd`.

इथे एक गोंधळ हमखास होतो. कंटॅमिनेशन डिले म्हणजे सरासरी किंवा ‘टिपिकल’ डिले नव्हे. डेटाशीटमधल्या टिपिकल रकान्यातला आकडा उचलून किमान म्हणून वापरला तर होल्डचा हिशेब कागदावर पास होतो आणि प्रत्यक्षात काही चिपा नापास होतात. डेटाशीटने किमान आकडा दिलाच नसेल तर सुरक्षित गृहीत एकच, शून्य.

पायरी पहिली: लांबची वाट आणि सेटअप

एका एजला निघालेला डेटा पुढची एज येण्याच्या `t_setup` इतका आधी पोहोचलेला हवा. स्क्यूमुळे पकडणाऱ्या फ्लिप-फ्लॉपची एज लवकर आली तर तेवढा वेळ आणखी कमी होतो. म्हणून:

```
T_c >= t_pcq + t_pd + t_setup + t_skew
```

आता लांबची वाट शोधायची. बिट ० च्या B पासून कॅरी निघतो, तो सहा ॲडरांतून सरकतो आणि बिट ७ च्या S वर संपतो. पहिल्या ॲडरला B ते कॅरी आउटचा आकडा लागतो, मधल्या सहांना (बिट १ ते ६) कॅरी इन ते कॅरी आउटचा आणि शेवटच्याला कॅरी इन ते S चा. ‘आठ ॲडर गुणिले १३०’ असे करणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने १०४० येतात आणि वेग विनाकारण कमी दिसतो. डिले ॲडरचा नसतो, ॲडरच्या एका इनपुटपासून एका आउटपुटपर्यंतचा असतो.

```
t_pd = 110 + 6*70 + 100 = 630
T_c  = 90 + 630 + 60 + 40 = 820 ps
f    = 1 / 820 ps = 1.22 GHz
```

यातले ९०, ६० आणि ४० मिळून १९० पिकोसेकंद बेरजेच्या कामी येत नाहीत. तो फ्लिप-फ्लॉप वापरण्याचा खर्च आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पाइपलाइन करताना तो पुन्हा आडवा येईल.

सेटअप चुकला तर काय दिसते

ही वाट मुद्दाम चालवून पाहता येते. A मध्ये `0xFF` आणि B मध्ये `0x00` ठेवा. बेरीज `0xFF` आहे आणि सगळे शांत आहे. मग एका सायकलसाठी B मध्ये `0x01` आणा आणि पुढच्या सायकलला परत `0x00` करा. आता कॅरीला बिट ० पासून बिट ७ पर्यंत पूर्ण प्रवास करावा लागतो आणि A मध्ये `0x00` यायला हवे.

स्क्यू शून्य धरला तर सर्वांत वरच्या बिटाला ९० + ६३० + ६० म्हणजे ७८० पिकोसेकंद लागतात आणि बिट ६ ला त्याहून ७० कमी, म्हणजे ७१०. समजा क्लॉकचा पिरियड ७५० ठेवला. बिट ६ वेळेत पोहोचतो, बिट ७ वर मात्र अजून जुना १ आहे. A मध्ये `0x80` येते. पिरियड ६८० केला तर बिट ६ सुद्धा चुकतो आणि `0xC0` येते. सर्वांत वरच्या बिटापासून एकेक १ खाली उतरत जातो, तेव्हा कॅरीची साखळी कमी पडते आहे हे ओळखायला वेगळे मोजमाप लागत नाही. अर्थात हे चित्र सगळे डिले कमाल आकड्यांवर असतानाचे आहे. खऱ्या चिपचे डिले त्याहून कमी असल्याने बिघाड थोड्या जास्त वेगावर सुरू होतो, आणि सीमेच्या अगदी जवळ निकाल कधी बरोबर, कधी चूक असा डगमगतो.

नुसत्या रँडम संख्या घालून चाचणी घेतली तर हा बिघाड बराच काळ लपून राहतो, कारण कॅरी आठही बिटांतून धावेल अशी जोडी क्वचित येते. टेस्टबेंचमध्ये ही जोडी हाताने घाला.

पायरी दुसरी: आखूड वाट आणि होल्ड

आता B पासून D कडे जाणारी सरळ तार पाहू. त्याच एजला B नवी किंमत सोडतो आणि D जुनी किंमत पकडतो. D ला ती जुनी किंमत एजनंतर ४० पिकोसेकंद स्थिर हवी आहे. स्क्यूमुळे D ची एज ४० उशिरा आली, तर B च्या एजपासून मोजता ८० पिकोसेकंद जुनी किंमत टिकायला हवी.

```
t_ccq + t_cd >= t_hold + t_skew
50    + 0    >= 40     + 40      -> 30 ps कमी
```

नापास. या असमीकरणात `T_c` कुठेच नाही, हे नीट पाहा. क्लॉक १ मेगाहर्ट्‌झवर आणला तरी ३० पिकोसेकंदांची तूट तशीच राहते, कारण दोन्ही घटना एकाच एजला घडतात. D मध्ये मागच्या सायकलची संख्या येण्याऐवजी चालू सायकलची संख्या येते, म्हणजे डेटा एक पायरी पुढे उडी मारतो. वेव्हफॉर्मवर B आणि D एकाच वेळी बदलताना दिसतात. डिले नसलेल्या आरटीएल सिम्युलेशनमध्ये हा दोष दिसत नाही. त्यासाठी स्टॅटिक टायमिंग किंवा डिलेसह गेट-लेव्हल सिम्युलेशन लागते.

ॲक्युम्युलेटरच्या स्वतःच्या फेऱ्यात ही अडचण नाही. तिथली आखूड वाट एका ॲडरच्या S मधून जाते, म्हणून ५० + ६० = ११० मिळतात आणि लागतात ८०. म्हणजे ३० पिकोसेकंद शिल्लक. लॉजिक मध्ये असले की होल्ड सहसा आपोआप पास होतो. अडकतात त्या शिफ्ट रजिस्टरसारख्या सरळ तारा.

दुरुस्ती, आणि ती कुठे करायची

तूट ३० ची आहे आणि एका बफरचा किमान डिले २०. एक बफर घातला तर ७० होतात, अजून १० कमी. दोन घातले की ९० होतात आणि १० पिकोसेकंद शिल्लक राहतात. बफरचा ३५ हा कमाल आकडा इथे वापरून ‘एकच पुरे’ म्हणणे ही महागात पडणारी चूक आहे. होल्डला किमान डिलेच उपयोगी पडतो. त्याच बफरचा कमाल डिले मात्र सेटअपच्या खात्यात जमा होतो.

म्हणूनच बफर कुठे बसवला याला एवढे महत्त्व आहे. B च्या Q पासून दोन फाटे फुटतात, एक ॲडरकडे आणि एक D कडे. बफर फाट्याच्या आधी, म्हणजे Q ला चिकटून बसवले तर होल्ड दुरुस्त होतो, पण बिट ० च्या लांबच्या वाटेत २ × ३५ = ७० पिकोसेकंद वाढतात.

```
T_c = 820 + 70 = 890 ps  ->  f = 1.12 GHz
```

म्हणजे कंटॅमिनेशन डिले कमाल वेगाच्या सूत्रात दिसत नसला तरी वेग त्यानेच खाल्ला, सुमारे ८ टक्के. तेच दोन बफर फाट्याच्या पुढे, D च्या इनपुटजवळ बसवले तर त्या फांदीला ९० + ७० + ६० + ४० = २६० पिकोसेकंद लागतात, जे ८२० च्या आत सहज बसतात. क्लॉक १.२२ गिगाहर्ट्‌झवरच राहतो.

बिट १ चे गणित गमतीचे आहे. तिथून निघणारी लांबची वाट एका ॲडरने आखूड, म्हणजे ७५० ची. बफर चुकीच्या जागी बसवले तरी ती बरोबर ८२० ला पोहोचते आणि अहवालात एकही नापास नोंद दिसत नाही. पण त्या वाटेचा स्लॅक आता शून्य आहे. पुढे कुणी तार थोडी लांबवली की बिट १ ही नवी क्रिटिकल वाट होते, आणि कारण शोधायला निघालेला माणूस ॲडरमध्ये शोधत बसतो.

पायरी तिसरी: पाइपलाइन केल्यावर हिशेब कसा बदलतो

वेग वाढवायला ॲडर मधोमध तोडू. खालचे चार बिट एका सायकलला मिळवायचे, त्यांचा कॅरी एका नव्या फ्लिप-फ्लॉपमध्ये ठेवायचा, आणि वरचे चार बिट पुढच्या सायकलला मिळवायचे. प्रत्येक अर्ध्यात लांबची वाट B ते कॅरी, मग दोन ॲडर, मग S अशी होते. खालच्या अर्ध्यातून कॅरी फ्लिप-फ्लॉपपर्यंतची वाट ११० + ३ × ७० = ३२० ची, म्हणजे त्याहून आखूडच.

```
t_pd = 110 + 2*70 + 100 = 350
T_c  = 90 + 350 + 60 + 40 = 540 ps
f    = 1.85 GHz
```

तुकडे दोन झाले, पण वेग दीडपटीच्या आसपासच वाढला. एक कारण असे की ६३० चे बरोबर निम्मे होत नाहीत, कारण प्रत्येक तुकड्याला सुरुवातीचे ११० आणि शेवटचे १०० पुन्हा द्यावे लागतात. दुसरे कारण ते १९० पिकोसेकंद, ते तुटतच नाहीत. आधी ते पिरियडच्या २३ टक्के होते, आता ३५ टक्के आहेत. दोन-दोन बिटांचे चार तुकडे केले तर पिरियड ४०० वर येतो आणि त्यातला जवळपास निम्मा वेळ फ्लिप-फ्लॉप खातात. त्यापलीकडे तोडत जाण्यात माझ्या मते अर्थ नाही. कॅरीची रचनाच बदललेली बरी.

खरी मेख पुढे आहे. वरचे चार बिट एक सायकल उशिरा लागतात, म्हणून B च्या वरच्या चार बिटांना एक सायकल थांबवणारी चार नवी फ्लिप-फ्लॉप लागतात. उत्तर एकत्र वाचायचे असेल तर खालच्या अर्ध्यालाही तेवढीच चार. म्हणजे आठ नव्या वाटा, त्यांच्यात गेट नाही, आणि प्रत्येकीत तीच ३० पिकोसेकंदांची होल्ड तूट. वेगासाठी केलेल्या बदलाने होल्डचे काम वाढवले. प्रत्येक वाटेवर दोन याप्रमाणे सोळा बफर येतील, आणि तेही फाट्याच्या पुढेच बसले पाहिजेत.

टूलमध्ये दोन्ही तपासण्या

OpenSTA सारख्या टूलमध्ये, लायब्ररीचे एकक नॅनोसेकंद असेल तर, मूळ सर्किटसाठी इतके पुरते:

```
create_clock -name clk -period 0.82 [get_ports clk]
set_clock_uncertainty -setup 0.04 [get_clocks clk]
set_clock_uncertainty -hold  0.04 [get_clocks clk]
report_checks -path_delay max
report_checks -path_delay min
```

पहिला अहवाल सेटअपचा, दुसरा होल्डचा. दुसरा न पाहता काम पुढे ढकलले जाण्याचे प्रमाण बरेच असते, कारण लोक स्लॅकची एकच ओळ वाचतात. क्लॉक ट्री बसवून झाल्यावर आणि `set_propagated_clock` दिल्यावर टूल खरा स्क्यू स्वतः मोजते. त्यानंतरही ४० ची अनसर्टन्टी तशीच ठेवली तर स्क्यू दोनदा मोजला जातो, आणि होल्डसाठी नको तितके बफर पडतात. त्या टप्प्यावर अनसर्टन्टी फक्त जिटर आणि राखीव मार्जिनपुरती उतरवा. जिटर मुख्यतः सेटअपला छळतो. होल्डमध्ये दोन्ही बाजू एकाच एजवर असल्याने त्याचा परिणाम बराच कमी असतो.

स्क्यूला दिशाही असते. पकडणारी एज उशिरा आली तर सेटअपला तेवढा वेळ जास्त मिळतो आणि होल्डचा तेवढाच कमी होतो. वर आपण दोन्हीकडे वाईट बाजू धरली, पहिल्या हिशेबाला ते योग्य आहे. मुद्दाम स्क्यू देऊन वेग काढायचा असेल तर त्या वाटेच्या होल्डमध्ये तेवढी शिल्लक आहे का, ते आधी पाहा.

कमाल आणि किमान आकडे एकाच परिस्थितीतले नसतात, हेही विसरू नये. सेटअपची परीक्षा मंद प्रक्रिया आणि कमी व्होल्टेजवर होते, होल्डची वेगवान प्रक्रिया आणि जास्त व्होल्टेजवर. तापमानाचे तेवढे सरळ नाही. कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या नव्या तंत्रज्ञानात थंड चिप गरम चिपपेक्षा मंद असू शकते, म्हणून सेटअप दोन्ही टोकांच्या तापमानांवर तपासतात. होल्ड सगळ्याच कॉर्नरवर पाहावा. वेगवान कॉर्नरला गेट जलद होतात, पण स्क्यू त्याच प्रमाणात कमी होईलच असे नाही.

चिप हातात असताना निदान

बेंचवर बिघाड दिसला की आधी क्लॉक निम्म्यावर आणा. बिघाड गेला तर संशय सेटअपवर. मग पूर्ण वेगावर परत जाऊन व्होल्टेज परवानगीच्या मर्यादेत थोडे वाढवून पाहा. सेटअपचा बिघाड त्यानेही मागे हटतो, कारण प्रोपगेशन डिले कमी होतात. क्लॉक निम्मा, चतुर्थांश, दशांश केला तरी तोच बिट तसाच चुकत असेल तर लॉजिकची चूक किंवा होल्ड, यांपैकी एक. दोन्ही वेगळे करायला व्होल्टेज आणि तापमान बदलून पाहा. लॉजिकची चूक त्याने हलत नाही, होल्डचा बिघाड येतो-जातो, आणि एका चिपवर असतो तर दुसरीवर नसतो.

एफपीजीएवर होल्ड सहसा राउटरच सांभाळतो, त्यामुळे तिथे होल्ड नापास दिसला तर बफर शोधण्याआधी क्लॉक पाहा. साध्या अँड गेटमधून काढलेला गेटेड क्लॉक किंवा काउंटरच्या Q वरून घेतलेला विभागलेला क्लॉक डेटासाठीच्या तारांवरून फिरतो, आणि स्क्यू आपण धरलेल्या ४० पिकोसेकंदांऐवजी नॅनोसेकंदांत जातो. तिथे मूळ क्लॉक ठेवून फ्लिप-फ्लॉपचा क्लॉक एनेबल वापरला की होल्डची बहुतेक तक्रार बफराशिवाय मिटते, आणि लांबची वाट होती तेवढीच राहते.